छेदातली करणी आणि तिची जोडीदार

१/(√५० − ७) या अपूर्णांकाची किंमत काढायची आहे. √५० म्हणजे साधारण ७.०७, त्यातून ७ गेले की उरतात ०.०७. एकाला ०.०७ ने भागलं की उत्तर येतं १४.२८ आणि काही. खरी किंमत मात्र १४.०७ च्या आसपास आहे. वर्गमूळ घेताना आपली चूक जेमतेम ०.००१ ची होती, उत्तरात ती जवळजवळ दोनशेपट झाली. कारण उघड आहे. दोन जवळजवळच्या संख्यांची वजाबाकी केल्यावर फारच थोडं उरतं, त्या थोड्यात ०.००१ ची चूकही मोठी ठरते आणि भागाकार तिला आणखी फुगवतो.

नववीच्या पुस्तकात ‘छेदाचे परिमेयीकरण’ शिकवतात ते अशा वेळी उपयोगी पडतं. अंश आणि छेद दोहोंना (√५० + ७) ने गुणायचं. वर आणि खाली एकाच संख्येने गुणलं म्हणजे एकाने गुणल्यासारखंच, त्यामुळे किंमत बदलत नाही. छेदात आता ५० − ४९, म्हणजे चक्क १ येतो. उत्तर उरतं √५० + ७. ओबडधोबड ७.०७ घेतला तरी १४.०७ मिळतं. मुळातली चूक उत्तरात तेवढीच राहते, वाढत नाही.

पण गुणायला नेमकी हीच संख्या का? दुसरं काही घेऊन पाहू. छेदाला त्यानेच गुणलं, म्हणजे (√५० − ७) चा वर्ग केला, तर ५० + ४९ − १४√५० = ९९ − १४√५० येतं. करणी जिथल्या तिथे. नुसत्या √५० ने गुणलं तर ५० − ७√५०, पुन्हा तेच. एका पदातली करणी जाते, पण दुसऱ्या पदात नवी उभी राहते. (√५० + ७) ने गुणताना मात्र मधली दोन पदं + ७√५० आणि − ७√५० अशी येतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. उरतात फक्त दोन वर्ग, आणि वर्ग केल्यावर वर्गमूळ कुठलं राहायला? पाठ केलेलं (a − b)(a + b) = a² − b² हे सूत्र इथे कामाला येतं. म्हणूनच √५० + ७ आणि √५० − ७ यांना अनुबद्ध जोडी म्हणतात.

सूत्राच्या पलीकडेही एक कारण आहे, आणि मला ते जास्त आवडतं. ज्याचा वर्ग ५० आहे अशा संख्या दोन, एक धन आणि एक ऋण. बेरीज-गुणाकाराच्या हिशोबात आपण वापरतो ती एवढीच गोष्ट की √५० चा वर्ग ५० आहे, आणि ती दोघींनाही सारखीच लागू पडते. आता जोडीच्या गुणाकारात √५० च्या जागी −√५० घाला. (−√५० − ७)(−√५० + ७) चं उत्तरही ५० − ४९ च. चिन्ह बदलूनही गुणाकार हलत नाही. त्यात एखादं √५० शिल्लक असतं, तर चिन्ह बदलताच उत्तरही बदललं असतं. बदललं नाही, म्हणजे त्यात करणी उरलेलीच नाही.

मुलं इथे ठरावीक ठिकाणी घसरतात. फक्त छेदाला गुणून अंश तसाच ठेवणं ही एक चूक. (√५० − ७)² म्हणजे ५० − ४९ असं लिहून टाकणं ही दुसरी आणि जास्त सवयीची. ताळा सोपा आहे: मूळ अपूर्णांक आणि आलेलं उत्तर यांची दशांशात किंमत काढा, जुळत नसेल तर कुठेतरी गडबड आहे. फक्त आपल्या उदाहरणासारखा छेद फार लहान असेल, तर वर्गमूळ चारपाच स्थळांपर्यंत घ्या.

छेदात तीन पदं असली तर जोडीदार दोनदा शोधावा लागतो. १ + √२ + √३ ला १ + √२ − √३ ने गुणलं की २√२ येतं, मग √२ ने गुणलं की ४. भास्कराचार्यांनी ११५० मधल्या ‘बीजगणिता’त भागाकाराची हीच रीत दिली आहे: भाजकातल्या एका करणीचं चिन्ह उलटवून भाज्य आणि भाजक दोघांना गुणायचं, आणि भाजकात एकच करणी उरेपर्यंत हे करत राहायचं. घनमूळ आलं की मात्र नुसतं चिन्ह उलटवून भागत नाही. ∛२ − १ ला ∛४ + ∛२ + १ ने गुणावं लागतं, तेव्हा कुठे १ येतो.

आणि कधीकधी ही रीत उलटी चालवावी लागते. √१०००१ − १०० साध्या आठ आकडी कॅल्क्युलेटरवर काढलं, तर १००.००४९९ मधून १०० वजा होऊन ०.००४९९ एवढेच आकडे हाती राहतात. तेच १/(√१०००१ + १००) असं लिहून काढलं, तर ०.००४९९९८ मिळतं. इथे करणी मुद्दाम छेदात ढकलली आहे. तेव्हा छेदात करणी असणं हा काही गुन्हा नाही. टाळायची आहे ती जवळजवळच्या संख्यांची वजाबाकी, मग ती वर असो की खाली.