मोडलेल्या पायाला कोणतं इंजेक्शन?

गाडीची धडक बसून मांडीचं हाड मोडलेला वीस किलोचा कुत्रा दवाखान्यात येतो. घरचे घाबरलेले असतात, कुत्रा हात लावू देत नाही आणि एक्स-रे तर काढायचा असतो. अशा वेळी बऱ्याच दवाखान्यांत ब्युटॉर्फेनॉलचं इंजेक्शन दिलं जातं. थोड्याच वेळात कुत्रा सुस्तावतो, एक्स-रे नीट निघतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. मात्र तो शांत पडला म्हणजे त्याची कळ थांबली, असं नसतं. ब्युटॉर्फेनॉलने गुंगी छान येते, पण मोडलेल्या हाडाची वेदना ते पुरेशी कमी करत नाही, आणि जी काही कमी होते ती तास-दीड तासच. त्यानंतर त्या कुत्र्याच्या वाट्याला उरतं ते मोडकं हाड आणि ओरडायचंही त्राण न ठेवणारी गुंगी.

हे औषध वाईट नाही, त्याची जागा वेगळी आहे. ती समजून घ्यायची तर ओपिऑइड, म्हणजे अफूच्या कुळातली वेदनाशामकं, शरीरात काय करतात ते पाहावं लागेल. मेंदूत आणि मज्जारज्जूत या औषधांसाठी ग्राहक-रेणू असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. तीव्र वेदनेच्या दृष्टीने त्यांतला सर्वांत महत्त्वाचा रिसेप्टर म्हणजे ‘म्यू’. मॉर्फिन, मेथाडोन, फेंटॅनिल ही औषधं म्यूला पूर्णपणे चेतवतात. मात्रा वाढवली की वेदनाशमनही वाढत जातं. ही झाली पूर्ण अ‍ॅगोनिस्ट औषधं. ब्युप्रेनॉर्फिन म्यूला अर्धवट चेतवतं, म्हणून ते आंशिक अ‍ॅगोनिस्ट. पंख्याचा रेग्युलेटर तीनवरच अडकला असेल तर बटण कितीही पिळलं तरी वारा वाढत नाही, तसं एका मर्यादेनंतर याची मात्रा वाढवून फारसं हाती लागत नाही. ब्युटॉर्फेनॉल या दोन्हींहून निराळं. ते ‘कप्पा’ नावाच्या दुसऱ्या रिसेप्टरवर काम करतं आणि म्यूवर बसून तो चेतवण्याऐवजी अडवतं.

हे अडवणंच पुढे महागात पडतं. एक्स-रेसाठी ब्युटॉर्फेनॉल दिलं, हाड मोडल्याचं दिसलं, आणि अर्ध्या तासाने मॉर्फिन दिलं, तर मॉर्फिनला बसायला जागाच मोकळी नसते. त्याचा गुण कमी येतो. ब्युप्रेनॉर्फिनच्या बाबतीत हा प्रश्न आणखी लांबतो, कारण ते म्यूला फार घट्ट चिकटतं आणि सहा ते आठ तास हलत नाही. त्यानंतर फेंटॅनिल चालतच नाही असं नाही, पण नेहमीपेक्षा जास्त लागतं आणि किती लागेल याचा अंदाज धरता येत नाही. म्हणून शस्त्रक्रिया होणार हे दिसत असेल, तर सुरुवात पूर्ण अ‍ॅगोनिस्टने करावी आणि आंशिक औषध मागून आणावं. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा क्रम सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि दुर्लक्षही त्याकडेच सर्वाधिक होतं.

आता त्याच कुत्र्याकडे परत येऊ. आधी श्वास, हिरड्यांचा रंग, नाडी आणि डोक्याला मार आहे का, हे पाहायचं. मग मॉर्फिन, किलोमागे ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोला ६ मिलिग्रॅम, स्नायूत. शिरेतून भरकन दिलं तर शरीरात हिस्टामिन सुटतं आणि रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून घाई नको. मॉर्फिनने कुत्र्यांना उलटी होते. मात्र ज्याला आधीच खूप दुखतंय त्याला ती कमी होते, असा अनुभव आहे. डोक्याला मार लागलेला असेल तर उलटीचा जोर मेंदूवरचा दाब वाढवतो. तिथे मॉर्फिन टाळून मेथाडोन किंवा फेंटॅनिल घेणं बरं, कारण त्यांनी उलटी क्वचितच होते.

शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटॅनिल पंपावर लावता येतं. ताशी किलोमागे ३ मायक्रोग्रॅम धरले तर या कुत्र्याला ताशी ६० मायक्रोग्रॅम. एका मिलिलिटरमध्ये ५० मायक्रोग्रॅम असलेल्या इंजेक्शनचे ताशी १.२ मिलिलिटर. फेंटॅनिलचा असर झपाट्याने येतो आणि झपाट्याने ओसरतो, म्हणून कळ वाढली की लगेच वाढवता येतं आणि नको तेव्हा थांबवता येतं. भुलेत असताना हृदयाची गती मंदावते आणि श्वास उथळ होतो. भूल देणारा डॉक्टर लक्ष ठेवून असेल तर दोन्हींवर इलाज आहे: गती फार उतरली तर अ‍ॅट्रोपिन, श्वासासाठी नळी आणि हाताने दिलेला श्वास. जोडीला पायाच्या नसांभोवती बधिर करणारं इंजेक्शन दिलं तर ओपिऑइड बरंच कमी लागतं.

शुद्धीवर आल्यावर वेदना अंदाजाने नाही, मोजून पाहायची. कुत्र्यांसाठी ग्लासगो मोजपट्टीचं छोटं रूप वापरतात. त्यात आवाज, जखमेकडे लक्ष, चाल, स्पर्शाला प्रतिसाद, वागणं आणि बसण्याची ढब यांना गुण देतात. एकूण गुण २४, आणि ६ वा जास्त आले तर औषध वाढवायचं. आपल्या कुत्र्याला अजून चालवता येत नाही, म्हणून चालीचे गुण वगळायचे. मग २० पैकी ५ ही रेषा. दुसऱ्या दिवशी गुण खाली येऊ लागले की मॉर्फिन थांबवून ब्युप्रेनॉर्फिन, किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम, म्हणजे ०.४ मिलिग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा. त्याचा गुण यायला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून कळ उठायची वाट पाहत बसू नये.

याच टप्प्यावर एक घोटाळा होतो. कुत्रा शुद्धीवर येताच विव्हळू लागतो, धापा टाकतो, पिंजऱ्यात इकडून तिकडे आपटतो. ही कळ, की औषधाने आलेली बेचैनी? पूर्ण अ‍ॅगोनिस्टने अशी बेचैनी येते, आणि ती कळ समजून आणखी औषध दिलं तर वाढते. ओळखायचं असं: जखमेच्या आजूबाजूला, जखमेवर नाही, हलक्या बोटांनी दाबून पाहावं. दुखत असेल तर तो मान वळवतो, अंग आक्रसतो, गुरगुरतो. औषधाचा परिणाम असेल तर दाबण्याने फरक पडत नाही. तो माणसाकडे नीट पाहत नाही, ओळखीच्या आवाजानेही शांत होत नाही. शंका राहिलीच तर वेदनाशामकाची एक छोटी मात्रा देऊन पाहतात. निवळला तर कळ होती, बिघडला तर बेचैनी. मग डेक्समेडेटोमिडिनसारखं शामक, किंवा ब्युटॉर्फेनॉलची अगदी थोडी मात्रा. म्यू अडवण्याचा त्याचा जो गुण सुरुवातीला आड आला, तोच इथे कामी येतो, आणि थोडं वेदनाशमन शिल्लकही राहतं. नॅलोक्सोनही आहे, पण ते बेचैनीबरोबर सगळं वेदनाशमनही पुसून टाकतं आणि स्वतः तासाभरातच ओसरतं. त्यामुळे ते श्वास धोक्यात आला तरच, पातळ करून, थेंबाथेंबाने द्यायचं. ब्युप्रेनॉर्फिनवर तर ते सहजासहजी चालत नाही. फार मोठी मात्रा लागते.

नुसती धाप ही मात्र वेगळी गोष्ट. ओपिऑइड कुत्र्याच्या मेंदूतलं तापमानाचं गणित खाली आणतात. शरीराला आपण तापलोय असं वाटतं, म्हणून तो धापतो आणि त्याचं अंग गार पडतं. त्याला पांघरूण घालावं आणि ताप मोजावा. मांजरात नेमकं उलट होतं. हायड्रोमॉर्फोनसारख्या औषधानंतर काही मांजरांचं तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जातं. त्यांना पांघरूण आणि हीटर काढून गार वारा द्यावा.

मांजर हा वेगळाच प्राणी. तिला मॉर्फिन चालत नाही, ती वेडीपिशी होते, हा समज जुन्या प्रयोगांतून आला. त्यांत आजच्या मात्रेच्या कितीतरी पट मॉर्फिन दिलेलं होतं. योग्य मात्रेत, ज्या मांजरीला खरोखर दुखतंय तिला, पूर्ण अ‍ॅगोनिस्ट चांगलं लागू पडतं. मात्र तिच्या बाहुल्या विस्फारतात, तिला जवळचं धड दिसत नाही. तिच्याकडे समोरून, हळू बोलत जावं, खोलीतला उजेड कमी ठेवावा. नसबंदीसारख्या मध्यम वेदनेला तिच्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन उत्तम. त्यावर ती घुरघुरते, पुढचे पाय मळल्यासारखे हलवते, लोळते. हे चांगलं लक्षण आहे.

शिवाय मांजरीला ते सुईशिवायही देता येतं. तिची लाळ अल्कधर्मी असते, त्यामुळे औषध तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात उतरतं. चार किलोच्या मांजरीला किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम म्हणजे ०.०८ मिलिग्रॅम, एका मिलिलिटरमध्ये ०.३ मिलिग्रॅम असलेल्या इंजेक्शनचं जेमतेम पाव मिलिलिटर. सिरिंजची सुई काढून ते गालाच्या पिशवीत सोडायचं. घशात ढकलायचं नाही, कारण गिळलेलं ब्युप्रेनॉर्फिन यकृतातच बरंचसं संपतं. मांजरीची वेदना चेहऱ्यावरून मोजतात: कान, डोळ्यांची मिटलेली फट, मुस्कटाचा ताण, मिशा आणि डोक्याची पातळी. मॉन्ट्रियल विद्यापीठात तयार झालेल्या या मोजपट्टीत प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. दहापैकी चार झाले की औषध लागतं.

आपल्याकडे छोट्या दवाखान्यांत ब्युटॉर्फेनॉल आणि ट्रॅमाडॉलच जास्त दिसतात, याला कायदाही कारण आहे. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन ही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली नार्कोटिक औषधं. २०१४ च्या दुरुस्तीने त्यांना ‘अत्यावश्यक नार्कोटिक’ ठरवून वाट थोडी मोकळी केली, तरी परवानगी, कुलूपबंद साठा आणि नोंदवही हे सगळं लागतंच. म्हणून हाड मोडलेल्या जनावराला, स्थिर करून, ही सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात पाठवणं हाच बऱ्याचदा योग्य उपचार ठरतो. ट्रॅमाडॉलच्या गोळीवर कुत्र्याच्या बाबतीत माझा भरवसा नाही. माणसाच्या शरीरात त्याचं जे रूपांतर वेदना थांबवतं, ते कुत्र्याच्या शरीरात फारच थोडं तयार होतं. मांजरीत ते चांगलं तयार होतं, पण गोळी इतकी कडू की तोंडाला फेस येतो. इथे एक धोका ठळकपणे सांगायला हवा. माणसांच्या ट्रॅमाडॉलच्या काही गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. त्यातली एकच गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. चेहरा आणि पंजे सुजतात, हिरड्या तपकिरी पडतात, श्वास लागतो. असं दिसलं तर गोळीचं पाकीट सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.

औषध घेऊन घरी आलेल्या जनावराला पहिले एक-दोन दिवस भूक कमी लागेल आणि शी खडा होईल, एखादा दिवस होणारही नाही. लघवी मात्र व्हायलाच हवी. मॉर्फिन पाठीच्या कण्यातून दिलं असेल तर लघवी तुंबू शकते. दिवस उलटून गेला तरी झाली नाही तर फोन करावा. झोपेतून हाक मारूनही जागा न होणं, श्वास अगदी हळू चालणं किंवा हिरड्या पांढऱ्या-निळ्या पडणं, ही मात्र त्याच क्षणी निघायची कारणं आहेत. निघताना आधीच्या डॉक्टरांकडून औषधाचं नाव, मात्रा आणि दिल्याची वेळ कागदावर लिहून घ्यावी. नुसतं ‘दुखण्याचं इंजेक्शन दिलं’ एवढंच कळलं, तर पुढच्या डॉक्टरला म्यू मोकळा आहे की ब्युप्रेनॉर्फिनने धरून ठेवलाय हे समजत नाही, आणि पुढची मात्रा त्यावरच ठरते.