न काढताच उमटलेला त्रिकोण

अ, ब, क ही तीन अक्षरं घ्या. त्यांच्या जागा बदलण्याच्या रीती सहाच. या सहा रीती मिळून होतो तीन अक्षरांचा सममित गट, S₃. या गटाचं कॅरेक्टर टेबल नऊ आकड्यांचं असतं, आणि ते जवळजवळ आपोआप भरतं!

आधी सहा रीतींची वर्गवारी करू. काहीच न हलवणं, ही एक. दोन अक्षरांची अदलाबदल, या तीन. तिघांना गोल फिरवणं, या दोन. अक्षरांची नावं बदलली, तर अ-ब ही अदलाबदल ब-क होईल, पण गोल फिरवणं कधीच होणार नाही. अशा तीन टोळ्या म्हणजेच तीन संयुग्मी वर्ग.

आता प्रत्येक रीतीच्या जागी आकड्यांचा एक चौरस मांडायचा. अट एकच: रीती एकापाठोपाठ केल्या, की चौरसांचा गुणाकार व्हावा. चौरसाच्या मुख्य कर्णावरच्या आकड्यांची बेरीज म्हणजे कॅरेक्टर. ती एका वर्गात सगळ्यांची सारखीच येते, म्हणून टेबलात सहाऐवजी तीनच स्तंभ पुरतात.

ओळी किती? जितके वर्ग, तितकेच न फुटणारे मूळ प्रकार, म्हणजे तीन. त्यांच्या चौरसांची बाजू किती? बाजूंच्या वर्गांची बेरीज गटातल्या रीतींइतकी, म्हणजे ६ व्हायला हवी. तीन पूर्ण संख्यांनी हे एकाच प्रकारे जमतं: १ + १ + ४. म्हणजे बाजू १, १ आणि २!

पहिली ओळ सोपी, सगळीकडे १. दुसरी ओळ अदलाबदली मोजते: एक असेल तर −१, आणि गोल फिरवणं म्हणजे दोन अदलाबदली, म्हणून पुन्हा १. तिसऱ्या ओळीत फक्त सुरुवातीचा २ माहीत आहे. पण सुडोकूसारखं इथेही उरलेल्या घरांना पर्याय नाही. नियम असा, की कोणतेही दोन स्तंभ घरोघर गुणून बेरीज केली तर शून्य यावं. पहिला स्तंभ १, १, २. अदलाबदलीसाठी १ − १ + २x = ०, म्हणून x = ०. फिरवण्यासाठी १ + १ + २y = ०, म्हणून y = −१.

| | स्थिर (१) | अदलाबदल (३) | फिरवणं (२) |
|---|---|---|---|
| पहिली | १ | १ | १ |
| दुसरी | १ | −१ | १ |
| तिसरी | २ | ० | −१ |

चूक झाली असेल तर कळेल कसं? तिसऱ्या ओळीतल्या आकड्यांचे वर्ग टोळीतल्या संख्येने गुणून मिळवा: ४ + ० + २ = ६. बरोबर सहा!

पण २, ०, −१ हे आकडे आहेत तरी कुणाचे? समभुज त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांना अ, ब, क म्हणा. तो १२०° फिरवला, तर त्या हालचालीच्या चौरसात कर्णाची बेरीज २ cos १२०° = −१. आरशासारखा उलटवला, तर १ − १ = ०. टेबल भरताना आपण एकही कोन मोजला नव्हता. तरीही तिसऱ्या ओळीत त्रिकोण हजर!

१८८६मध्ये डेडेकिंड यांनी याच गटातून सहा चलांची एक बहुपदी बांधली आणि तिचे अवयव पाडले. दोन एकघाती निघाले, आणि एक द्विघाती चक्क दोनदा. अशा बहुपदीचे अवयव कोणत्याही गटासाठी कसे पडतात, हे फ्रोबेनियस यांनी १८९६मध्ये शोधलं, आणि त्या शोधातूनच कॅरेक्टरं जन्मली. डेडेकिंड यांचे ते अवयव होते आपल्याच तीन ओळी: १, १ आणि २.