गृहकर्ज आहे, म्हणून जुनी करप्रणाली?

पुण्यात फ्लॅट घेतलेलं एक तरुण जोडपं उदाहरणादाखल घेऊ. त्याचा पगार वर्षाला १८ लाख, तिचा १२ लाख. कर्ज ६० लाखांचं, साडेआठ टक्के दराने, २० वर्षांसाठी; हप्ता सुमारे ५२ हजार. गृहकर्जामुळे कर वाचतो, हे दोघांनीही घरच्यांकडून ऐकलेलं असतं. म्हणून दोघं जुनी करप्रणाली निवडतात आणि उरलेली सूट भरून काढायला मार्चमध्ये घाईघाईने विमा पॉलिसी घेतात.

आकडे मात्र वेगळंच सांगतात. २०२५-२६ च्या दरांनुसार नव्या प्रणालीत तिचा कर शून्य होतो, कारण पगारदारांना पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही. तिला कुठल्याही वजावटीची गरजच उरत नाही. त्याने जुन्या प्रणालीत ८०सीचे दीड लाख, गृहकर्जाच्या व्याजाचे दोन लाख आणि आरोग्यविम्याचे २५ हजार वजा केले, तरी कर येतो २ लाख ३४ हजार. नव्या प्रणालीत यातलं काहीही न दाखवता तो १ लाख ५० हजार ८०० भरतो. जुनी प्रणाली बरोबरीला यायची तर प्रमाणित वजावटीखेरीज जवळपास साडेसहा लाखांच्या वजावटी हव्यात. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहून मोठं घरभाडं भरणाऱ्याला ते जमू शकतं; स्वतःच्या घरात राहणाऱ्याला फार अवघड.

नव्या प्रणालीतही एक वाट आहे. कंपनीने पगाराच्या रचनेतूनच एनपीएसमध्ये भर घातली, तर मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंतची रक्कम करातून वगळली जाते. त्याचा मूळ पगार नऊ लाख असेल, तर वर्षाला सुमारे २६ हजार कर वाचतो. पण हे पैसे मुख्यतः निवृत्तीपर्यंत अडकतात.

आता महिन्याचा हिशेब. पीएफ आणि कर जाऊन (एनपीएस न धरता) दोघांच्या हातात मिळून सुमारे २ लाख २२ हजार येतात. पगार झाला की दोघांनी आपापल्या पगाराच्या प्रमाणात संयुक्त खात्यात पैसे टाकावेत आणि हप्ता तिथूनच जावा. घरखर्चाला ७५ हजार धरले, तर सहा महिन्यांचा खर्च आणि हप्ते मिळून साडेसात लाखांची गंगाजळी हवी. दरमहा ४० हजार बाजूला टाकले की ती दीड वर्षाच्या थोडं पुढेमागे उभी राहते. कर्जात भरलेला पैसा नोकरी गेल्यावर परत मागता येत नाही, म्हणून आधी ही तजवीज.

तिच्या जोडीने पहिल्या महिन्यापासून दहा हजार जादा कर्जात भरले, तर कर्ज सुमारे साडेतेरा वर्षांत फिटतं आणि २३ लाखांहून अधिक व्याज वाचतं. उरलेल्या ४५ हजारांत टर्म इन्शुरन्स, आरोग्यविमा, एसआयपी आणि हौसमौज बसवावी.

जादा रक्कम भरताना बँकेला ‘मुदत कमी करा’ असं लेखी कळवावं. नाहीतर ती पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहू शकते किंवा मुदत तीच राहून हप्ता तेवढा घटतो. पुढच्या महिन्याच्या कर्ज-खातेउताऱ्यात मुद्दल नेहमीच्या घटीपेक्षा दहा हजारांनी जास्त उतरलं आहे का, तेवढं पाहून घ्यावं.