‘दिवाळीपर्यंत’ म्हणजे नेमकी कोणती तारीख?

सराफाच्या दुकानातले सवलतीचे एखादे कूपन हातात घेऊन पाहा. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘घडणावळीवर 25 टक्के सूट’ आणि मागे बारीक टायपात सात-आठ ओळींच्या अटी, आधी इंग्रजीत, खाली मराठीत. गिऱ्हाईक मराठी वाचून दुकानात येते. काउंटरवरचा माणूस अडचण आली की इंग्रजी ओळींवर बोट ठेवतो. दोन्ही मजकूर वरवर सारखेच दिसतात, पण वाद होतो तो नेमका त्यांच्यातल्या एखाद्या बारीक फरकावरून. आणि बहुतेक वेळा तो फरक दोनच ठिकाणी असतो. एक, मुदत कधी संपते. दुसरे, सवलतीतून काय वगळले आहे.

आधी मुदत पाहू. समजा, 2025च्या दिवाळीसाठी काढलेल्या कूपनावर इंग्रजीत ‘व्हॅलिड टिल दिवाळी 2025’ असे आहे आणि मराठीत ‘दिवाळी 2025 पर्यंत वैध’. शब्दाला शब्द जुळला. पण त्या वर्षी उत्तरेत बहुतेक ठिकाणी दिवाळीचा मुख्य दिवस 20 ऑक्टोबरला धरला गेला, तर महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला झाले. पाडवा 22 ला होता, भाऊबीज 23 ला. मराठी घरात दिवाळी वसुबारसेला सुरू होते आणि भाऊबीज झाल्यावर संपते. इंग्रजी मजकूर लिहिणाऱ्या जाहिरात संस्थेच्या डोळ्यांसमोर बहुधा एकच दिवस असतो. म्हणजे एकाच ओळीच्या तीन तारखा निघतात, आणि बहिणीसाठी भाऊबिजेच्या सकाळी कानातले घ्यायला आलेला भाऊ त्यांतल्या दोन तारखांनुसार उशिरा आलेला ठरतो.

मूळ मजकूर मराठीत असला तरी सुटका नाही. दुकानमालक सांगतात, ‘पाडव्यापर्यंत चालू ठेवा.’ दिवाळीच्या हंगामात ते बोलणे मराठी माणसाला पुरते. पण इंग्रजीत नुसते ‘टिल पाडवा’ लिहिले, तर परदेशात वाढलेली किंवा परराज्यातून आलेली व्यक्ती शोध घेते तेव्हा तिला आधी गुढीपाडवा सापडतो. म्हणून सणाचे नाव हवे तर शोभेला ठेवावे, मुदत मात्र तारखेनेच सांगावी आणि तारखेशेजारी वार द्यावा: ‘गुरुवार, 23 ऑक्टोबर 2025’. वाराचा उपयोग पडताळणीसाठी आहे. एका भाषेत 23 आणि दुसऱ्या भाषेत 22 छापले गेले, तर वार जुळत नाही आणि चूक प्रूफ वाचताना लगेच पकडता येते. महिना अक्षरांत लिहिण्याचे कारणही असेच आहे. 03/04 हे आपल्याकडे 3 एप्रिल, अमेरिकेतल्या नातेवाइकाला मात्र 4 मार्च.

तारीख ठरली तरी ती स्वतः मुदतीत आहे की नाही, हे उरतेच. ‘23 ऑक्टोबरपर्यंत’ म्हटले की 23 तारीख धरलेली असते. ‘23 ऑक्टोबरपूर्वी’ म्हटले की 22 ला खेळ संपतो. इंग्रजीतल्या ‘बाय’ आणि ‘बिफोर’ यांत हाच फरक आहे आणि घाईत दोन्हींना ‘पर्यंत’ लावले जाते. ‘मध्यरात्रीपर्यंत’ हा शब्द तर दोन्ही भाषांतून हद्दपार करावा. 23 तारखेची मध्यरात्र म्हणजे 22 संपतानाची की 23 संपतानाची, यावर दोन शहाणी माणसे वाद घालू शकतात. ‘23 ऑक्टोबर 2025, रात्री 11.59 पर्यंत’ हे रूक्ष वाटते, पण त्याचा एकच अर्थ होतो. दुकानातच वापरायचे कूपन असेल तर ‘दुकान बंद होण्याच्या वेळेपर्यंत’ असे लिहून ती वेळही द्यावी.

गिफ्ट व्हाउचरमध्ये मुदत बहुधा कालावधीत सांगतात आणि तिथे मोजदाद अधिक अवघड होते. ‘सिक्स मंथ्स’ला एकाने ‘सहा महिने’ लिहिले, दुसऱ्याने ‘180 दिवस’. 21 ऑक्टोबर 2025 ला काढलेले व्हाउचर घेऊ. पहिला दिवस सोडून मोजले, तर सहा महिने 21 एप्रिल 2026 ला पूर्ण होतात आणि 180 दिवस 19 एप्रिललाच. पहिला दिवस धरला तर दोन्ही तारखा आणखी एकेक दिवस अलीकडे येतात. पहिला दिवस सोडण्याची रीत आपल्या कायद्यात जुनी आहे. 1897च्या सर्वसाधारण कलम अधिनियमाच्या कलम 9 नुसार, कायद्याच्या मजकुरात ‘पासून’ म्हटले की तो दिवस वगळला जातो. त्याच अधिनियमात महिना म्हणजे इंग्रजी कॅलेंडरचा महिना. हा अधिनियम कायद्यांच्या भाषेसाठी आहे, दुकानाच्या व्हाउचरवर तो आपोआप लागू होत नाही. त्यामुळे मोजणी गिऱ्हाइकावर सोडण्यात अर्थ नाही. दुकानानेच मोजून शेवटची तारीख छापावी. अनुवादकाला कालावधीच मिळाला असेल, तर महिन्याचा महिनाच ठेवावा, त्याचे दिवस करू नयेत.

आणि ‘पासून’ म्हणजे कुठल्या दिवसापासून? इंग्रजीत ‘डेट ऑफ इश्यू’ असते. मराठीत सर्रास ‘दिल्याच्या तारखेपासून’ असे येते. इतर कुठल्या कागदावर ते चालून जाईल, भेटीच्या व्हाउचरवर नाही. मावशीने ऑगस्टमध्ये विकत घेतलेले व्हाउचर भाचीला डिसेंबरमध्ये लग्नात दिले, तर भाचीच्या लेखी दिल्याची तारीख डिसेंबरची. दुकानाच्या हिशेबात मात्र चार महिने केव्हाच उलटून गेलेले असतात. इथे ‘दुकानाने व्हाउचर जारी केल्याच्या तारखेपासून’ इतके लांबच लिहायला हवे. ‘रिडीम’साठी ‘वटवणे’ हा शब्दही मी टाळतो. वटवतात तो धनादेश, त्याचे पैसे हातात येतात. व्हाउचर ‘वापरता येते’.

याबाबत नियम काय सांगतात? एखाद्या दुकानाचे फक्त त्याच दुकानात चालणारे व्हाउचर रिझर्व्ह बँकेच्या नियमनात येत नाही. बँकांची किंवा अनेक दुकानांत चालणारी गिफ्ट कार्डे येतात. त्यांच्यासाठीचे निर्देश 2021चे आहेत. एका गिफ्ट कार्डाची कमाल रक्कम 10,000 रुपये, वैधता किमान एक वर्षाची, आणि मुदत संपण्याआधीच्या 45 दिवसांत धारकाला सूचना देणे बंधनकारक. ही सूचना धारकाने कार्ड घेताना पसंत केलेल्या भाषेत द्यायची आहे. म्हणजे मराठी निवडणाऱ्याला जाणाऱ्या संदेशातली तारीख हीदेखील अनुवादकाच्या जबाबदारीचा भाग झाली, आणि ती कार्डाच्या अटींतल्या तारखेशी तंतोतंत जुळलीच पाहिजे.

आता वगळलेल्या वस्तूंकडे येऊ. माझ्या मते अनुवादकाची खरी कसोटी इथे आहे, कारण इथे मूळ वाक्यच अनेकदा द्व्यर्थी असते. समजा, इंग्रजी अट अशी आहे: ‘नॉट व्हॅलिड ऑन कॉइन्स, डायमंड अँड टेंपल ज्वेलरी अबव्ह रुपीज 50,000’. शेवटी आलेला किमतीचा तुकडा कोणाला लागतो? फक्त टेंपल दागिन्यांना, की हिऱ्यांच्या दागिन्यांनाही? इंग्रजीत तो शेपटासारखा मागे लटकत राहतो आणि वाचणारा हवा तसा अर्थ लावतो. मराठीत विशेषण नामाच्या आधी येते, त्यामुळे ते कुठे ठेवायचे हे ठरवल्याशिवाय वाक्यच पुरे होत नाही. ‘हिऱ्यांचे दागिने आणि 50,000 रुपयांहून अधिक किमतीचे टेंपल दागिने’ असे केले, तर 30,000 रुपयांच्या हिऱ्यांच्या कुड्यांवर सवलत नाही. ‘50,000 रुपयांहून अधिक किमतीचे हिऱ्यांचे आणि टेंपल दागिने’ असे केले, तर त्याच कुड्यांवर सवलत मिळते.

अशा वेळी अनुवादकाने मनाने एक अर्थ निवडून पुढे जाऊ नये. त्याने 30,000 च्या कुड्यांचे उदाहरण लिहून दुकानाला विचारावे: यावर सूट आहे की नाही? उत्तर आले की मराठीबरोबर इंग्रजीही बदलून घ्यावे. नुसती मराठी नेमकी केली आणि इंग्रजी तसेच संदिग्ध ठेवले, तर दोन मजकूर पुन्हा वेगळे झाले. सर्वांत सुरक्षित मांडणी म्हणजे वगळलेला प्रत्येक प्रकार स्वतंत्र ओळीत, त्याच्याच ओळीत त्याची किंमतमर्यादा, आणि दोन्ही भाषांत ओळींचा क्रम एकच. मर्यादेच्या काठावरची रक्कमही विचारून घ्यावी. ‘50,000 रुपयांहून अधिक’ यात बरोबर 50,000 चा दागिना येत नाही, ‘50,000 रुपये किंवा त्याहून अधिक’ यात येतो.

काही वस्तू तर इंग्रजी यादीत नसतातच. ‘कॉइन्स अँड बार्स’ वगळले, तर वेढणीचे काय? गुरुपुष्याला किंवा दसऱ्याला चोख सोन्याची वेढणी घेणारे गिऱ्हाईक तिला नाणे म्हणत नाही, बिस्किटही म्हणत नाही. अनुवादकाने आपल्या मनाने ‘वेढणी’ घातली तर सवलत आकुंचन पावते, आणि गाळली तर काउंटरवर वाद. पुन्हा विचारणे आले, आणि होकार मिळाला तर इंग्रजी यादीतही वेढणी त्याच नावाने जावी. जुन्या सोन्याच्या मोडीचेही तसेच: मोडीच्या रकमेतून घेतलेल्या नव्या दागिन्याच्या घडणावळीवर सूट आहे का, हे इंग्रजीतल्या ‘एक्स्चेंज’ या एका शब्दातून कळत नाही.

बऱ्याच कूपनांवर शेवटी एक ओळ असते: दोन्ही भाषांत तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य. मला ती ओळ मान्य नाही. ज्याला मराठीतून बोलावले, त्याला अडवताना दुसऱ्या भाषेचा आधार घेणे न्याय्य नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या 2022च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा रोखही हाच आहे. दावा ज्या भाषेत, अस्वीकरणही त्याच भाषेत असावे आणि टाइपही तोच असावा, असे ती सांगतात. ‘25 टक्के सूट’ मराठीत ठळक छापून अपवाद मात्र इंग्रजीत बारीक छापणे यात बसत नाही.

पडताळणी दोन माणसांकडून करून घ्यावी, असे मी सांगेन. एकाने फक्त मराठी वाचायचे, दुसऱ्याने फक्त इंग्रजी, आणि दोघांनी तेच प्रश्न सोडवायचे: भाऊबिजेच्या रात्री आठ वाजता चालेल का, 30,000 च्या कुड्यांवर सूट मिळेल का, वेढणीवर मिळेल का, दोन कूपने एका बिलात चालतील का. उत्तरे वेगवेगळी आली, तर दोष कोणत्या ओळीत आहे ते तिथेच दिसते. आकडे एकाने मोठ्याने वाचावेत आणि दुसऱ्याने टिक करत जावे. ऑनलाइन टाकायचा `BHAU25` असा कोड असेल तर तो दोन्ही मजकुरांत रोमन अक्षरांतच ठेवावा. देवनागरीत लिहिलेला कोड संगणक स्वीकारत नाही.

आणि एक तिसरा मजकूर असतो, जो कोणी वाचत नाही: बिलिंगच्या संगणकात भरलेली मुदत. तिथे नुसती तारीख टाकली की काही प्रणाली ती त्या दिवसाच्या रात्री बाराच्या ठोक्याची, म्हणजे दिवस सुरू होतानाची वेळ समजतात. 23 ऑक्टोबर भरले असेल, तर कूपन 22 ची रात्र संपतानाच बंद पडते, दोन्ही भाषांतली ओळ कितीही बिनचूक असली तरी. त्यामुळे छपाईला देण्याआधी संगणकाची तारीख पुढे करून 23 ऑक्टोबरच्या संध्याकाळचे एक आणि 24 च्या सकाळचे एक अशी दोन चाचणी बिले काढून पाहावीत. पहिल्यावर सूट लागली पाहिजे, दुसऱ्यावर लागता कामा नये.