अनुभवाच्या जागी काय लिहावं?

सीटीएफ म्हणजे मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या यंत्रणेत शिरून लपवलेला ‘फ्लॅग’ शोधण्याची स्पर्धा. अशा स्पर्धा खेळलेला फ्रेशर लिंक्डइनवर ‘सायबर सुरक्षेची प्रचंड आवड’ एवढंच लिहितो. भरती करणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. सारांशाच्या सुरुवातीच्या मोजक्याच ओळी आधी दिसतात, म्हणून तिथेच काम सांगावं: ‘वेब सुरक्षेची आव्हानं सोडवतो, एसक्यूएल इंजेक्शनवरची टिपणं सोबतच्या दुव्यावर.’

पोर्टफोलिओवर तीन-चार निवडक टिपणं पुरेत. समजा, लॉगिनच्या चौकटीत हे टाकून आत शिरता आलं:

```
' OR 1=1 -- 
```

नुसती ही ओळ कुणीही उतरवून घेईल. शंका कशी आली ते लिहा: एकेरी अवतरणचिन्ह टाकताच डेटाबेसचा एरर पडद्यावर आला. कोणता प्रयत्न फसला, तेही लिहा. शेवटी दुरुस्ती सांगा: वापरकर्त्याचा मजकूर क्वेरीत न जोडता पॅरामीटराइज्ड क्वेरी वापरावी. कंपनीला माणूस हवा असतो तो या दुरुस्तीसाठी.

चालू स्पर्धेची उत्तरं मात्र टाकू नका. तो नियमभंग ठरतो. आणि सीटीएफ ‘अनुभव’ या रकान्यात नको, ‘प्रकल्प’ या रकान्यात दाखवा.