बोलक्या माणसाचा निरोप घेताना

बहुतेक सोसायट्यांमध्ये असे एखादे काका किंवा काकू असतात. जिन्यात गाठ पडली की त्यांचं बोलणं सुरू होतं आणि पाऊण तास संपत नाही. समोरच्यानं काही सांगायला घेतलं तरी दोन वाक्यांत गोष्ट त्यांच्याकडे वळते. मग शेजारी त्यांना चुकवू लागतात. कुणी मागच्या दारानं जातं, कुणी त्यांना पाहताच मोबाइल कानाला लावतं. ते वाईट नसतात, उलट अडीअडचणीला सगळ्यांत आधी धावून येतात. म्हणूनच त्यांना तोडून बोलायला जीभ रेटत नाही. पण चुकवणं त्यांना कळतं आणि सगळ्यांत जास्त तेच लागतं. समोरासमोर, आदरानं घेतलेला निरोप त्या मानानं फारच कमी लागतो. तो कसा घ्यायचा हे शिकता येतं. त्यासाठी संभाषण आतून कसं चालतं ते थोडं समजून घ्यावं लागतं.

अमेरिकेत हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या तिघांनी लोकांच्या साध्यासुध्या गप्पा ध्वनिमुद्रित करून त्या शब्दाशब्दानं तपासल्या. बोलण्याची पाळी एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, यावरचा त्यांचा निबंध 1974 साली प्रसिद्ध झाला. त्यांना असं दिसलं की पाळी कुठेही बदलत नाही. वाक्य पुरं होण्याची जागा आली की तिथे ती बदलू शकते. ऐकणारा ती जागा आधीच ओळखतो आणि तयारीत राहतो. पुढे 2009 मध्ये दहा वेगवेगळ्या भाषांमधले प्रश्न आणि उत्तरं तपासली गेली, तेव्हा दोन माणसांच्या बोलण्यामधलं अंतर सर्वसाधारणपणे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास निघालं. ते इतकं कमी असतं की समोरचा थांबल्यावर विचार करून बोलू म्हटलं, तर वेळ निघून गेलेली असते.

सभ्य माणूस इथेच अडकतो. काका थांबतील, मग मी बोलेन, असं म्हणत तो शांततेची वाट पाहतो आणि ती शांतता येतच नाही. शेग्लॉफनं याचं एक कारण नोंदवलं आहे. पाळी हातची जाऊ नये म्हणून बोलणारा वाक्य संपत आलं की वेग वाढवतो, न थांबता पुढच्या वाक्यात शिरतो आणि श्वास त्या वाक्याच्या मध्यावर घेतो. तुमच्या ओळखीच्या बोलक्या माणसाकडे लक्ष देऊन पाहा. ‘…म्हणून मग आम्ही ती टाकी बांधून घेतली आणि तेव्हा ना’ इथवर एका दमात येतं आणि श्वास ‘तेव्हा ना’च्या नंतर घेतला जातो. आता मध्ये बोललात, तर अर्धं वाक्य तोडल्यासारखं होतं. माणूस हे मुद्दाम करत नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीनं ते अंगवळणी पडलेलं असतं.

दुसरी गोष्ट आपल्याच हातून घडते. आजी गोष्ट सांगताना नातवंडांना ‘हं’ म्हणायला लावते. हुंकार थांबला की मूल झोपलं असं समजून तीही थांबते. मोठ्यांच्या गप्पांमध्येही हुंकाराचं काम तेच असतं. शेग्लॉफनं 1982 च्या एका लेखात दाखवलं की ‘हं’सारखे उद्गार म्हणजे ऐकणाऱ्यानं आपली पाळी सोडून दिल्याची खूण असते. तुमचं अजून संपलेलं नाही, पुढे सांगा, असा त्याचा अर्थ लागतो. म्हणजे सुटका हवी असताना आपण दर पाच सेकंदांनी ‘हो का’, ‘अच्छा’, ‘हं हं’ म्हणत मान डोलावतो, तेव्हा समोरच्याला पुढे बोलायला आपणच सांगत असतो. तो आपलं मन ओळखत नाही, अशी तक्रार मग करता येत नाही. आपण ते लपवलेलंच असतं.

हे लपवणं किती सार्वत्रिक आहे, हे अमेरिकेत 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून दिसलं. ॲडम मॅस्ट्रोयानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलून झालेल्या माणसांना विचारलं की तुम्हाला हे बोलणं कधी संपायला हवं होतं. दोघांनाही हव्या त्याच वेळी संपलेली संभाषणं शंभरात दोनच्या आसपास होती. काहींना लवकर संपवायचं होतं, काहींना आणखी बोलायचं होतं, पण दोघंही एकमेकांपासून ते झाकत होते. तेव्हा बोलणं संपवायचं असेल, तर कुणीतरी ते उघडपणे सांगावं लागतं.

ते कसं, हे एका नेहमीच्या प्रसंगातून पाहू. संध्याकाळी सातची वेळ आहे. दुसऱ्या मजल्यावरची एक नोकरदार बाई हातात भाजीची पिशवी घेऊन येते. तळमजल्यावरचे निवृत्त काका फाटकाशी उभे आहेत. ती जे करते त्याचे चार भाग आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिला भाग सुरुवातीलाच येतो. “काका, कसे आहात? गुडघा काय म्हणतोय? मला पाच मिनिटांत वर जायचंय, पण तुमचं ऐकून जाते.” तब्येतीची चौकशीही आत्ताच आणि वेळेची मर्यादाही आत्ताच. मर्यादा आधी सांगितली की ती परिस्थितीची वाटते. काकांचं बोलणं रंगात आल्यावर सांगितली, तर आपल्या बोलण्याचा कंटाळा आला असं त्यांना वाटतं.

दुसरा भाग ऐकण्याचा. ही पाच मिनिटं ती खरोखर ऐकते. सोसायटीत पूर्वी पाण्याचे हाल कसे होते आणि टाकी कशी बांधून घेतली, हे काका सांगतात. तिला त्यातला एक तपशील मनात धरून ठेवायचा असतो, कारण पुढे त्याचा उपयोग होणार असतो. शेवटच्या मिनिटाला ती ‘हं’ म्हणणं थांबवते. मान डोलावत नाही, मात्र चेहरा प्रसन्नच ठेवते.

तिसरा भाग निरोपाचा. काकांचं वाक्य संपताना त्यांची नजर तिच्याकडे वळते. बोलणारा लांब बोलणं सुरू करताना बहुधा दुसरीकडे पाहतो आणि संपवताना ऐकणाऱ्याकडे पाहतो, हे ॲडम केंडन यांनी 1967 मध्ये नोंदवलं होतं. नजर वळली की ती लगेच, शांततेची वाट न पाहता, आधी हाक मारते. “काका, म्हणजे टाकीचं अख्खं काम तुम्ही उन्हात उभं राहून करून घेतलंत. मला हे माहीतच नव्हतं. आता मी निघते, मुलाचा अभ्यास घ्यायचाय. रविवारी सकाळी खाली येते, तेव्हा पुढचं सांगा.” सुरुवातीची हाक कामाची असते. दोन शब्द एकमेकांवर आले तरी आपल्या नात्याची हाक ऐकून माणूस थबकतो आणि ती उद्धट वाटत नाही. मग येतो तो धरून ठेवलेला तपशील. आपलं बोलणं पोचलं, ही खात्री काकांना त्यातून मिळते. नुसतं ‘छान, छान, येते हं’ म्हटलं असतं तर ती मिळाली नसती. कारण एकच, छोटं आणि खरं असतं. तीन कारणं दिली की ती बहाण्यासारखी वाटतात.

चौथा भाग पायांचा. बोलता बोलताच ती पिशवी दुसऱ्या हातात घेते आणि जिन्याकडे वळते. तोंडानं ‘निघते’ म्हणायचं आणि उभं राहायचं समोरासमोर, यातून दोन उलटे निरोप जातात आणि बोलकं माणूस त्यातला सोयीचा तेवढाच घेतं.

काका बहुधा म्हणणारच, “अगं, एवढं ऐकून जा…” इथे नवं कारण शोधायचं नाही आणि नवा प्रश्न तर मुळीच विचारायचा नाही. पायरी चढता चढता, त्याच सुरात, तेच पुन्हा सांगायचं. “रविवारी नक्की, काका. येते.” शेवटच्या क्षणी ‘आणि काकू बऱ्या आहेत ना?’ असं आपुलकीनं विचारणं ही यातली सगळ्यांत मोठी चूक. त्या प्रश्नाला उत्तर असतं आणि ते पंधरा मिनिटांचं असू शकतं. खोटा फोनही नको. एकाच इमारतीत राहणाऱ्यांना आज ना उद्या खरं कळतं आणि मग पुढचं प्रत्येक खरं कारणही खोटं वाटू लागतं.

चारचौघांत बसलेले असताना वेगळी युक्ती लागते, कारण तिथून उठून जायचं नसतं. इतरांनाही बोलायला मिळायला हवं, एवढंच हवं असतं. सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्याच मांडणीनुसार, ज्याला उद्देशून प्रश्न विचारला जातो त्याची पुढची पाळी असते. म्हणून बोलणाऱ्याला थांबवण्यापेक्षा दुसऱ्याला त्याच विषयावर हाक मारून विचारावं. “मावशी, तुमच्या गावाला तेव्हा पाणी कुठून आणायचे?” विषय तोच राहिल्यानं आधी बोलणाऱ्याचा मान राहतो आणि गप्प बसलेल्या मावशींना जागा मिळते. त्या बोलत असताना आपण त्यांच्याकडेच पाहायचं. नजर परत काकांकडे गेली की पाळीही तिकडे जाते.

या सगळ्याला मर्यादा आहेत. माणसाला कमी ऐकू येऊ लागलं की कधी कधी तो जास्त बोलू लागतो, कारण दुसऱ्याचं ऐकून समजून घेण्यापेक्षा स्वतः बोलत राहणं सोपं जातं. टीव्हीचा आवाज वाढला असेल, प्रश्नाला भलतंच उत्तर येत असेल, तर त्यांच्या घरच्यांना कानांची तपासणी सुचवावी. आणि एरवी बेताचं बोलणारा माणूस काही दिवसांत अचानक न थांबता, भराभर बोलू लागला, झोप कमी झाली, खर्च वाढला, तर तो स्वभावाचा प्रश्न नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे. निरोपाची कला तिथे कामाची नाही.

एरवी मात्र सारी भिस्त त्या रविवारवर असते. दिलेला शब्द पाळून खरंच खाली जाऊन बसलात, तर काकांना कळतं की ही आत्ता गेली तरी परत येते. पुढच्या खेपेला ‘निघते’ म्हटल्यावर ते सहज सोडतात. रविवार दोनदा चुकवलात, तर ते पुन्हा हातात सापडलेल्या प्रत्येक मिनिटाला धरून ठेवतील, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही. म्हणून रविवारचा वायदा करताना जितका वेळ खरोखर देता येईल तितकाच सांगावा, वीस मिनिटं असतील तर वीस, आणि तो पुरा द्यावा.