दवाखान्यातली रिकामी दहा मिनिटं

भोकरदनसारख्या गावातला एकाच डॉक्टरांचा दवाखाना धरा. एका पेशंटला दहा मिनिटं, म्हणजे तासाला 6 जण. सगळ्या जागा फोनवरच बुक केल्या, तर खेड्यावरून एसटीने आलेला माणूस ताटकळतो. म्हणून मी तासाला 3 बुकिंग, 2 थेट येणारे आणि शेवटची 1 जागा रिकामी ठेवेन.

समजा, सव्वादहाला विंचू चावलेलं लेकरू आलं, वीस मिनिटं गेली. दहा मिनिटं रिकाम्या जागेने भरून काढली, उरलेली दहा अकराच्या तासातल्या रिकाम्या जागेने. बारा वाजता गाडी पुन्हा वेळेवर!

बाजाराच्या दिवशी मात्र 2 बुकिंग, 3 थेट ठेवा. आणि इमर्जन्सी नसतानाही रिकामी जागा रोजच संपत असेल, तर समजा, पेशंटला दहापेक्षा जास्त मिनिटं लागतायत.